मोठ्या आकड्याशेजारी उरलेले तीन आकडेही छापायला लावा: ट्रायच्या अध्यक्षांना इंदूरहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. पॉलिटेक्निकमध्ये सव्वीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या लोकांना वाचता यावे म्हणून. ब्रॉडबँडचे पैसे तेच भरतात आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘नेट का चालत नाही’ म्हणून माझ्याकडे तेच येतात.

तक्रार थोडक्यात सांगते. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत एक आकडा मोठा छापलेला असतो, शंभर, दोनशे, तीनशे. त्याच्यामागे ‘पर्यंत’ हा शब्द लहान टाइपात असतो. घरात नेट कसे चालेल हे मात्र दुसऱ्याच तीन आकड्यांवर ठरते: रात्रीच्या गर्दीत किमान किती वेग मिळणार, महिन्याला किती डेटा त्या वेगाने वापरता येणार, आणि तो संपल्यावर वेग किती उरणार. यातला पहिला आकडा जाहिरातीत नसतोच. बाकीचे दोन अटींच्या पानावर सापडतात, तेही शोधले तर.

हे मला कळले ते शेजारच्या घरामुळे. तिथे वहिनी, त्यांचे यजमान, घरून काम करणारा मुलगा आणि कॉलेजात जाणारी मुलगी असे चौघे आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “काकू, बावीस तारीख आली की आमचं नेट मरतं. दोनदा राउटर बदलला, आता काय करू?” दुसरा राउटर बावीसशे रुपयांचा होता, आणि तो घेऊनही काही फरक पडला नव्हता. मी त्याला विचारले, दर महिन्याला बावीसच का? तो म्हणाला, कधी एकवीस, कधी तेवीस. राउटर तारीख बघून बिघडत नाही. तारखेने बिघडणारी गोष्ट हिशोबातच असते, म्हणून मी आधी त्यांचा प्लॅन मागितला.

प्लॅन एका स्थानिक कंपनीचा होता. पत्रकावर ‘१०० एमबीपीएस, अनलिमिटेड’ असे छापले होते. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे, तीन हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. पत्रकावर जीएसटीचाही उल्लेख नव्हता, पण तो मुद्दा आज बाजूला ठेवते. मुलाने कंपनीच्या साइटवरच्या अटी उघडल्या तेव्हा बऱ्याच खाली एक ओळ सापडली: महिन्याला १,००० जीबीपर्यंत जाहीर केलेला वेग, त्यानंतर १ एमबीपीएस. हीच ती एफयूपी. तिला ‘उचित वापर धोरण’ असे भारदस्त नाव आहे, पण ग्राहकाच्या दृष्टीने ती डेटाची मर्यादाच आहे.

मग मी कागदावर एक भागाकार केला. तो मी विद्यार्थ्यांकडून करून घेत असे आणि आपल्या कार्यालयातही कुणी करून पाहावा. एक बाइट आठ बिटांचा, म्हणून १,००० जीबी म्हणजे आठ हजार अब्ज बिट. १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिटांचा, नळ पूर्ण उघडा ठेवला तर एवढा डेटा ८०,००० सेकंदांत, म्हणजे साधारण सव्वाबावीस तासांत संपतो. तीस दिवसांच्या महिन्यासाठी पैसे घेतलेला ‘१०० एमबीपीएस अनलिमिटेड’ प्लॅन पूर्ण वेगाने एक दिवसही पुरत नाही. तोच डेटा महिनाभर सारखा वाटला तर सरासरी ३.१ एमबीपीएस पडते.

माझ्या घरी दुसऱ्या कंपनीचा ४० एमबीपीएसचा प्लॅन आहे. महिन्याचा खर्च जवळजवळ तेवढाच. त्याची मर्यादा ३,३०० जीबी आहे आणि मर्यादेनंतरचा वेग ४ एमबीपीएस. आमचा नळ बारीक आहे, पण पूर्ण उघडा ठेवला तरी साडेसात दिवसांहून जास्त चालेल आणि महिन्याची सरासरी १०.२ एमबीपीएस येईल. तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे २०० एमबीपीएस आहे आणि मर्यादा तीच ३,३०० जीबी. त्यांचीही महिन्याची सरासरी १०.२. मर्यादा तीच राहते तोवर जाहीर वेग दुप्पट, चौपट केल्याने महिन्याचा माल वाढत नाही, तो फक्त लवकर संपू शकतो. जास्त वेगाचा फायदा आहेच, मोठी फाइल पटकन उतरते, घरातली चार माणसे एकदम बसली तरी अडत नाही. पण किती सामान मिळणार हे मर्यादेवर ठरते. शेजारच्या वहिनी ‘शंभर’ बघून आपला प्लॅन आमच्यापेक्षा अडीच पट मोठा समजत होत्या, आणि प्रत्यक्षात तो आमच्या एक तृतीयांशाहूनही लहान होता.

आता चौघांच्या घरात १,००० जीबी बावीस दिवसांत संपतात कसे, हा प्रश्न उरला. मुलगी म्हणाली, मी फक्त लेक्चर बघते. यजमान म्हणाले, मी रात्री तासभर बातम्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि अशा वेळी घरात विनाकारण वाद होतात. मी त्यांच्या खात्याचे रोजच्या वापराचे पान उघडायला लावले. रोज साधारण ४७ जीबी, आणि त्यातही डाउनलोडपेक्षा अपलोड जास्त. घरातल्या माणसांचे सगळे मिळून पंधरा जीबी होते. एचडी व्हिडिओला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात हे धरले तर पंधरा काही जास्त नाहीत. उरलेले बत्तीस जीबी रोज घरातून बाहेर जात होते.

गेल्या वर्षी खालून स्कूटर चोरीला गेली तेव्हा त्यांनी दोन कॅमेरे बसवले होते, एक जिन्यात आणि एक पार्किंगवर. दोन्ही चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्ड करत होते. एक कॅमेरा दीड एमबीपीएसने सतत पाठवत असेल तर दिवसाला १६.२ जीबी होतात, दोन कॅमेऱ्यांचे ३२.४. त्यात घराचे पंधरा मिळवले की सत्तेचाळीसच्या वर, आणि एक तारखेपासून मोजत गेले की बाविसाव्या दिवशी हजार पूर्ण. त्यांच्या कंपनीत अपलोडही मर्यादेत धरतात. पत्रकावर ते लिहिलेले नव्हते, आणि अटींच्या पानावर ‘एकूण वापर’ एवढेच होते. कोणत्याही सामान्य माणसाला डेटा वापरणे म्हणजे उतरवणे असेच वाटते. त्यात त्याची काही चूक नाही.

बाविसाव्या दिवसानंतर काय होत होते ते जरा सविस्तर लिहिते. कारण ‘मर्यादेनंतर १ एमबीपीएस’ हे शब्द वाचून वाटते की नेट हळू का होईना, चालत असेल. एक जीबीची फाइल १ एमबीपीएसने उतरायला सव्वादोन तास लागतात, इतके लोक समजू शकतात. पण इथे वरच्या दिशेचा वेगही १ एमबीपीएसवर आला होता आणि दोन कॅमेऱ्यांना मिळून तीन हवे होते. ते आपले पाठवतच राहिले. वर जाणारा रस्ता पूर्ण भरला. खाली काही उतरवायचे असले तरी ‘मिळाले, पुढचे पाठव’ असा निरोप वर जावा लागतो, तोही त्या रांगेत अडकला. त्यामुळे उतरवण्याला कागदावर १ एमबीपीएस असूनही पान उघडत नव्हते. मुलाच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायचा, मग तो मोबाइलचे नेट जोडून बसायचा. मी त्याच्या लॅपटॉपवर दोन ओळी टाइप करायला लावल्या:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिली ओळ घरातल्या राउटरपर्यंत जाऊन येते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंत. पहिलीला दोन-तीन मिलिसेकंद लागत होते, म्हणजे राउटर आणि घरातली वायर ठणठणीत. दुसरीला नऊशे, कधी बाराशे, मध्येच ‘टाइम आउट’. मग दोन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढले आणि तीच ओळ पुन्हा चालवली, तर आकडा चाळीसच्या आसपास आला. वहिनी बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे चोरावर नजर ठेवायला लावलेले कॅमेरे आमचंच नेट खात होते?” मी म्हणाले, होय, पण ते खाणार हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

कंपनीने सूचना दिली नव्हती का, असे आपण विचाराल. मर्यादा जवळ आल्याचे ग्राहकाला कळवायचे असते, हे मला माहीत आहे. सूचना जात होत्या. पण कनेक्शन लावायला आलेल्या मुलाने अर्जावर स्वतःचाच मोबाइल नंबर भरला होता. दर महिन्याला बावीस तारखेच्या आधी शहरातल्या कुठल्या तरी तंत्रज्ञाच्या खिशात शेजाऱ्यांच्या डेटाचा संदेश वाजत होता.

त्यानंतर मी आमच्या बिल्डिंगमधल्या तिन्ही जोडण्या दोन आठवडे मोजल्या. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री साडेनऊला, तीन वेळा रोज, वायफायवर नव्हे तर वायरने, त्या वेळी घरात दुसरे काही चालू न ठेवता. इंटरनेट हळू असण्याची तीन वेगळी कारणे असतात, आणि ती एकमेकांपासून वेगळी काढल्याशिवाय कंपनीशी बोलण्यात अर्थ नसतो.

पहिले कारण घरातलेच. वायरने वेग चांगला आणि आतल्या खोलीत वायफायवर वाईट, तर दोष भिंतींचा किंवा राउटर ठेवलेल्या जागेचा. तिसऱ्या मजल्यावर तर वायरनेही दरवेळी ९४ च येत होते, एकही दिवस ९५ नाही. दोनशेचे पैसे देऊन ९४! ते भाऊ कंपनीशी भांडायला निघाले होते. मी थांबवले. नेमका ९४ वर अडकणारा वेग बहुतेक वेळा पोर्टचा असतो. त्यांच्या जुन्या लॅपटॉपचे पोर्ट शंभर एमबीपीएसचेच होते, आणि त्यातून वरखर्च वजा जाता साधारण एवढेच बाहेर पडते. माझा गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप लावला, तर १९१ आले. कंपनीवर खोटा आरोप करून कुणाचे भले होत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरे कारण मर्यादेनंतरचा आवळलेला वेग. त्याची खूण म्हणजे आकडा सपाट असतो. शेजाऱ्यांकडे पंचवीस तारखेला, कॅमेरे बंद ठेवून, पहाटे ०.९७, दुपारी ०.९६, रात्री ०.९७. गर्दी असो नसो, फरक नाही. याचे कारण कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यापुढे वेग लिहिलेला असतो. मर्यादा संपली की तो बदलतो आणि सगळी वाहतूक त्या चाळणीतून जाऊ लागते. एक तारखेला तो परत मूळचा व्हायला हवा. पण जोडणी सतत चालू असेल तर कधी कधी जुनाच वेग चिकटून राहतो. शेजाऱ्यांकडे एकदा एक तारखेला सकाळीही ०.९७ च होते. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू केला, नवी जोडणी झाली आणि ९३ आले. हे माहीत नसलेला ग्राहक ते दिवसही तसेच काढतो.

तिसरे कारण गर्दीचे, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. त्याची खूण उलटी, आकडा घड्याळाबरोबर हलतो. शेजाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मर्यादा शाबूत असताना, पहाटे ९३, दुपारी ७० ते ८०, आणि रात्री साडेनऊला १७ ते २२. माझ्याकडे पहाटे ३९ आणि रात्री ३५-३६. रात्री साडेनऊला, म्हणजे घरातले सगळे घरी असतात त्या वेळी, ‘चाळीस’चा प्लॅन ‘शंभर’च्या प्लॅनपेक्षा वेगवान होता. एवढेच नाही, स्पीड टेस्टमध्ये सर्व्हर म्हणून त्यांच्याच कंपनीचा निवडला तर रात्रीही ऐंशीच्या वर दाखवत होते. दुसऱ्या शहरातला सर्व्हर निवडला की सतरा. म्हणजे कंपनीपासून घरापर्यंतचा धागा मोकळा होता, गर्दी पुढे होती, कंपनीने बाहेरून विकत घेतलेल्या बँडविड्थमध्ये, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेत. हा प्रयोग कुणीही करू शकतो आणि करावा. एकाच सर्व्हरवरच्या चाचणीवर कंपनी ‘आमच्याकडून वेग बरोबर आहे’ म्हणते आणि ते खोटेही नसते.

बँडविड्थ वाटून घेणे यात चूक काही नाही, हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन जोडणीत एका धाग्यावरचे अडीच गिगाबिट बत्तीस-चौसष्ट घरांत वाटलेले असतात. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नाहीत म्हणून शंभरची जोडणी परवडणाऱ्या दरात मिळते. २००९ साली आपणच घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास, तर व्यवसायासाठी एकास तीस हे वाटेकऱ्यांचे प्रमाण, म्हणजे एका ग्राहकाएवढी बँडविड्थ जास्तीत जास्त किती ग्राहकांत वाटावी ते, मार्गदर्शक म्हणून सांगितले होते. एकास पन्नासचा सरळ हिशोब केला तर शंभर एमबीपीएसच्या ग्राहकाच्या वाट्याला सगळ्यात वाईट क्षणी दोन एमबीपीएस येतात. ग्राहकाला हे सांगितले तर तो समजून घेईल. पण त्याला ‘शंभर’ सांगायचे, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि रात्री सतरा आले की ‘पर्यंत’ या शब्दावर बोट ठेवायचे, हा व्यवहार सरळ नाही. शेजारच्या मुलाने ग्राहक सेवेला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. दोन दिवसांनी उत्तर आले: आपल्या प्लॅनमध्ये किमान वेगाची हमी नाही, तक्रार बंद. नियमाप्रमाणे त्याने तीस दिवसांत अपील केले. तिथेही तेच उत्तर. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच असेल. जे कबूलच केलेले नाही ते मागायचे कसे?

आपण काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. एफयूपीबद्दल आपण २०१२ मध्ये आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्देश काढले. डेटाची मर्यादा, मर्यादेपर्यंतचा वेग आणि मर्यादेनंतरचा वेग या तिन्ही गोष्टी कंपनीने साइटवर आणि जाहिरातीत सांगाव्यात, आणि स्थिर ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे त्यात होते. आमच्या दारावर पडलेल्या पत्रकात यातले काही नव्हते. पत्रकही जाहिरातच आहे, आणि आमच्यासारख्या वस्तीत प्लॅन साइट बघून नव्हे तर पत्रक आणि ते देणाऱ्या मुलाच्या शब्दावर घेतले जातात. तेव्हा माझी पहिली विनंती नव्या नियमाची नाहीच. २०१६ चा निर्देश पत्रके, भिंतीवरची पाटी आणि दारोदार येणाऱ्या विक्रेत्याच्या अर्जालाही लागू आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याची तपासणी करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्टीकरणाची ओळ मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात असावी असे म्हटले आहे. ‘१००’ हातभर उंच आणि ‘१,००० जीबीनंतर १ एमबीपीएस’ मुंगीएवढे, हे त्यात कसे बसते?

दुसरी विनंती ५१२ केबीपीएसच्या तळाबद्दल. तो ठरला तेव्हा ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही ५१२ केबीपीएसचीच होती, म्हणजे नियमात मेळ होता: वेग आवळला तरी ब्रॉडबँड हे ब्रॉडबँडच राहील. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती व्याख्या २ एमबीपीएसवर नेली. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांना मिळणारा १ एमबीपीएस हा सरकारच्या व्याख्येने ब्रॉडबँडच नाही. महिन्यातले आठ-नऊ दिवस त्यांनी ब्रॉडबँडचे पैसे भरून जे वापरले, त्याला काय म्हणायचे ते आपणच सांगा. मर्यादेनंतरचा तळ ठरावीक आकड्यात न लिहिता ‘त्या वेळच्या व्याख्येइतका’ असा लिहा, म्हणजे व्याख्या वर गेली की तळही वर जाईल. २ एमबीपीएसला कंपन्यांवर असा काही भार पडत नाही. माझ्याच प्लॅनमध्ये मर्यादेनंतर ४ मिळतात आणि ती कंपनी व्यवस्थित चालू आहे.

तिसरी विनंती सगळ्यात महत्त्वाची, रात्रीच्या किमान वेगाची. हे जगात कुणी केले नाही असे नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे स्थिर ब्रॉडबँडच्या करारात किमान, नेहमी मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चारही वेग लिहावे लागतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जाहिरातीत तोच वेग छापता येतो जो निदान निम्म्या ग्राहकांना रात्री आठ ते दहा या वेळेत मिळतो. तिथल्या नियामकाच्या आचारसंहितेत सामील कंपन्या विक्रीच्या वेळीच किमान हमीचा वेग सांगतात आणि तो खाली गेला व तीस दिवसांत सुधारला नाही, तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. ती संहिता ऐच्छिक आहे, तरी मोठ्या कंपन्या तीत आहेत. मी इथे शंभरपैकी शंभरची हमी मागत नाही. कंपनीने आपला आकडा स्वतः ठरवावा. वीस म्हणायचे असेल तर वीस म्हणावे. पण म्हणावे, छापावे, आणि त्याला बांधील राहावे.

असा आकडा मोजायचा कुठून, हा वाद होणार हे मला दिसते आहे. २००६ च्या आपल्या गुणवत्ता नियमांत डाउनलोडचा वेग ऐंशी टक्क्यांहून जास्त असावा असे होते, पण तो कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्याच केंद्रापासून, घरापर्यंत मोजायचा होता. २०२३ च्या व्याख्येतले २ एमबीपीएसही कंपनीच्या केंद्रापासूनचेच आहेत. शेजाऱ्यांचा रात्रीचा सतरा अशा मोजमापात दिसणारच नाही, कारण तिथपर्यंत सगळे ठीक आहे. म्हणून किमान वेग कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरपर्यंत मोजावा, रात्री आठ ते अकरा, वायरने. एका दिवसाच्या एका चाचणीवरून निकाल देऊ नये, तेही अन्यायाचे होईल. जर्मनीत ग्राहकाला नियामकाच्याच साधनाने तीन दिवसांत मिळून तीस वेळा मोजावे लागते आणि त्यावर दर कमी करून मागता येतो. असे साधन आपण दिले तर ग्राहक आणि कंपनी दोघांचे भांडण एका कागदावर येईल.

आणि एक लहान गोष्ट, जी करायला काहीच अवघड नाही. बिलावर मर्यादा कोणत्या तारखेला संपली, त्या महिन्यात अपलोड किती आणि डाउनलोड किती झाले, एवढ्या तीन नोंदी छापायला लावा. अपलोड मर्यादेत धरणार असतील तर पत्रकावर तसे चार शब्दांत लिहायला लावा. घरोघरी कॅमेरे लागत आहेत आणि ते रात्रंदिवस वरच्या दिशेने पाठवत असतात. बिलावर ती एक ओळ असती, तर शेजाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखले असते आणि बावीसशेचा राउटर दुकानातच राहिला असता.

शेजाऱ्यांचे पुढे काय झाले ते सांगते. कॅमेरे आता हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करतात आणि बाकीचे आतल्या मेमरी कार्डावर ठेवतात. रोजचा वापर ४७ वरून २१ जीबीवर आला, महिनाअखेरीस ६३० च्या आसपास, त्यामुळे मर्यादा आता लागत नाही. अर्जावरचा मोबाइल नंबर दोन अर्ज आणि एका फेरीनंतर बदलून मिळाला. रात्रीचे सतरा मात्र सतराच आहेत. सहा महिन्यांतले अडीच महिने अजून बाकी आहेत आणि आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मुलगा ऑफिसच्या रात्रीच्या मीटिंगला लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतो, आमच्या चाळीसवर बसतो.

दोन आठवड्यांच्या नोंदींची वही, तिन्ही जोडण्यांची तारीख, वेळ, सर्व्हर आणि आकडे यांसह, हिंदी प्रतीबरोबर जोडली आहे. आपल्या अधिकाऱ्यांना घरी येऊन मोजायचे असेल तर रात्री आठनंतर यावे. तिन्ही घरांची परवानगी घेऊन ठेवली आहे.

आपली,
लोकमान्य नगर, इंदूर येथील एक ब्रॉडबँड ग्राहक